बाळाच्या कानातला मळ आपोआप बाहेर येतो, इअरबडने आत जातो

गुहागरला माझ्या भाचीचं बाळ चार महिन्यांचं असताना ती रोज आंघोळीनंतर त्याच्या कानात इअरबड फिरवायची, बडला तपकिरी मळ लागायचा आणि तिला वाटायचं कान साफ होतोय. महिन्याभराने डॉक्टरांनी लाइटवाल्या दुर्बिणीतून बघितलं तर पडदाच दिसेना, पुढे मळाचा गच्च गोळा! बाहेरून कान मात्र चकचकीत.

हे कसं झालं ते समजायला मळ कुठे बनतो ते बघावं लागेल. कानाच्या नळीचा बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग आहे ना, फक्त तिथल्याच ग्रंथी तो चिकट पदार्थ सोडतात, आणि त्यात गळलेल्या कातडीचे कण मिसळले की झाला मळ. पडद्याजवळ तो बनतच नाही, त्यामुळे तिथे सापडलेला मळ बहुतेक वेळा कोणीतरी ढकललेला असतो. कानातली कातडी पडद्याकडून बाहेरच्या बाजूला सरकत असते, अगदी हळू, दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी, आणि सोबत मळ घेऊन येते. बाळ दूध ओढताना जबडा हलतो त्याचीही मदत होते. बड नेमका उलट्या दिशेने जातो, थोडा मळ बाहेर काढतो आणि बाकीचा आत ठासतो.

शिवाय मळ म्हणजे घाण नाहीच. तो पाणी आत मुरू देत नाही, धूळ धरून ठेवतो, आणि थोडा आम्लधर्मी असल्यामुळे जंतू आणि बुरशी वाढायला अवघड जातं. आपल्याकडे पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, अशा दमट हवेत मळ खरवडून काढलेली, ओरखडे पडलेली कातडी म्हणजे बुरशीला आमंत्रणच. आणि बाळाची नळी आखूड असते, बड आत असताना त्याने मान झटकली की पडदा फाटू शकतो. अमेरिकेत 1990 ते 2010 या काळात बडमुळे कानाला इजा होऊन सुमारे 2 लाख 63 हजार मुलं इमर्जन्सी विभागात आली होती, बहुतेकांना इजा कान साफ करतानाच झाली होती.

भाचीच्या बाळाला डॉक्टरांनी मळ मऊ करायचे थेंब दिले, आठवड्याने परत बोलावून गोळा काढला. आता ती फक्त पाळीला आणि कानामागे ओलं फडकं फिरवते, बास.

नाकाचं वेगळं आहे, कारण लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, नाक चोंदलं की दूध पिताना सारखं सोडतात. मेडिकलमधले 0.9 टक्के मिठाच्या पाण्याचे थेंब, दूध पाजायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन, मिनिटभर थांबायचं, मेकूड मऊ होऊन पुढे आलं की मऊ कपड्याने टिपायचं. आत बड किंवा कपड्याची वात घालायची नाही. आणि मालिश करणाऱ्या मावशींना प्रेमाने पण स्पष्ट सांगा, नाकात खोबरेल नको, तेलाने खोकला येत नाही, ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही तेल नको, पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात जातं.

कानातून पू किंवा रक्त आलं, किंवा श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखाली खड्डा पडतोय असं दिसलं, तर घरी काही न करता लगेच डॉक्टरकडे न्या.