फुफ्फुसात पाणी, पण हृदय ठणठणीत

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठायचं, रात्रीपर्यंत दिल्ली आणि पहाटेच्या विमानाने लेह. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब इतका उतरलेला असतो की प्रत्येक श्वासात सोलापूरच्या जेमतेम दोनतृतीयांश ऑक्सिजन मिळतो. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. हा झाला साधा पर्वतीय आजार. फुफ्फुसात पाणी भरणं हे प्रकरण वेगळं आहे. ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उद्भवतं, आणि डोकं न दुखताही उद्भवू शकतं.

त्याला बराच काळ न्यूमोनिया समजलं गेलं. १८९१ साली मॉन्ट ब्लांकवर डॉ. जॅकोटे यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात फुफ्फुसात पाणी दिसलं, तरी दोष न्यूमोनियावर गेला. १९१३ मध्ये चिलीतल्या खाणींवर काम करणाऱ्या डॉ. रॅव्हनहिल यांनी असे रुग्ण वेगळे ओळखले, पण खापर फोडलं हृदयावर. १९६० मध्ये अमेरिकेचे डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी बर्फावर स्कीइंग करणाऱ्या एका तरुणाची हकीकत छापली. तरुण धडधाकट, हृदय निरोगी, आणि छातीत पाणी. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांचं लक्ष तेव्हा गेलं. पेरूतले डॉक्टर हे आधीपासून स्पॅनिशमध्ये लिहीत होते, ते कोण वाचणार?

मग आलं १९६२. चीनशी युद्ध पेटलं आणि सपाटीवरचे हजारो जवान घाईघाईने उंचावर पोचवले गेले. सवय व्हायला वेळच नव्हता. लष्करी डॉक्टर मेनन यांनी १९६५ मध्ये १०१ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये पर्वतीय आजाराच्या १,९२५ जवानांची. या विषयाचं जगभरचं ज्ञान आपल्या जवानांच्या छातीवर उभं आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

हृदय निर्दोष सुटलं ते १९६४ मध्ये. अमेरिकी डॉक्टर हल्टग्रेन यांनी रुग्णांच्या हृदयात नळी घालून दाब मोजले. हृदयाची डावी बाजू थकली तर रक्त मागे तुंबतं आणि डाव्या बाजूकडचा दाब चढतो. इथे तो दाब नेहमीसारखा होता. चढला होता फुफ्फुसाच्या धमनीतला, एरवीच्या दुपटी-तिपटीच्याही वर.

तो का चढतो, याचं सूत्र १९४६ मध्येच हाती आलं होतं. ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी मांजरांवर दाखवलं की ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. सपाटीवर हे सोयीचं: एखादा कोपरा कफाने बंद पडला की रक्त चांगल्या कोपऱ्याकडे वळतं. उंचावर मात्र सगळंच फुफ्फुस ऑक्सिजनला मोताद असतं, आणि आकसणं सगळीकडे सारखं होत नाही. आपल्याकडे चार गल्ल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून पाचवीत पूर्ण दाबाने पाणी सोडलं की जुन्या पाइपांचे सांधे पाझरायला लागतात, तसंच इथे होतं. ज्या वाहिन्या आकसल्या नाहीत, त्यांच्या केशवाहिन्यांवर सगळा लोंढा येतो. त्यांची भिंत कमालीची पातळ असते. ती ताणली जाते, कुठे कुठे फाटते, आणि प्रथिनांसकट द्रव, कधी तांबड्या पेशीही, वायुकोशांत उतरतात. म्हणूनच फेस गुलाबी येतो.

सूज आधी आणि गळती नंतर, की उलट, हा वाद बरीच वर्षं चालला. इटलीतल्या ४,५५९ मीटरवरच्या मार्गारिटा या गिर्यारोहकांच्या निवाऱ्यात नुकत्याच आजारी पडलेल्यांच्या फुफ्फुसातला द्रव तपासला, त्यात प्रथिनं भरपूर, सूजेची खूण नाही. त्याआधी १९९१ मध्ये संशोधक बार्टश यांनी हा आजार पूर्वी झालेल्यांना तिथेच नेलं होतं. औषध नसलेली नुसती गोळी घेतलेल्या ११ पैकी ७ जण आजारी पडले, धमनीचा दाब उतरवणारं निफेडिपीन घेतलेल्या १० पैकी एकच. मूळ दाबात आहे, याहून सरळ पुरावा कोणता हवा?

ओळखायचं कसं? सोबतचे सावरत असताना एकटाच मागे पडतो, कोरडा खोकला सुटत नाही, आणि मग नुसतं बसूनही धाप लागते. थोडा ताप असतो, म्हणून आजही न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देत वेळ दवडला जातो. खरा उपाय खाली उतरणं किंवा ऑक्सिजन. लेहची अडचण अशी की मनाली असो वा श्रीनगर, रस्ता आधी आणखी उंच खिंडीवर चढतो; त्यामुळे तिथे पहिली धाव इस्पितळातल्या ऑक्सिजनकडे.

उंचीची सवय फार टिकत नाही, हेही पेरूतल्या डॉक्टरांनीच आधी पाहिलं होतं: डोंगरातच वाढलेली माणसं किनाऱ्यावर काही दिवस राहून परतली की आजारी पडायची. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला रजेवर आलेला आपला जवान लेहला परततो तेव्हा वर्षभर तिथे काढलेला असला तरी तो नवखाच असतो. त्यात तिथली थंडीही हा दाब वाढवते. पहिले काही दिवस त्याला विश्रांती हवीच.