ñ फुकट, á महाग

दोन फ्रेंच शब्द घ्या. été म्हणजे उन्हाळा आणि être म्हणजे असणे. आजच्या फोनवर दोन्ही लिहायला सारखीच मेहनत लागते: e वर बोट दाबून धरायचं, वर उघडलेल्या पट्टीतून हवं ते अक्षर निवडायचं. पण एसएमएसने पाठवताना été लिहिलं तर संदेशात 160 अक्षरं मावतात आणि être लिहिलं की तोच संदेश 70 अक्षरांवर येतो. é आणि ê यांच्यात हा भेद कुणी केला? त्यासाठी कीबोर्डच्या मागे, 1980 च्या दशकातल्या एका छोट्या सारणीपर्यंत जावं लागतं.

त्याआधी टाइपरायटरबद्दल थोडं. तिथे अक्षरावरच्या चिन्हासाठी एक खास कळ असे. ती दाबली की कागदावर ^ उमटायचं, पण गाडा पुढे सरकायचा नाही. मग e दाबलं की ते त्याच जागी, चिन्हाखाली बसायचं. म्हणजे आधी चिन्ह, मग अक्षर. मराठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आपण आधी क आणि मग काना देतो, त्याच्या बरोब्बर उलट. फ्रेंच यंत्रांवर é, è, ç, à यांना स्वतंत्र कळा होत्या, पण त्या छोट्या लिपीच्या. मोठा É सहज काढता येत नसे. मोठ्या अक्षरांवर चिन्ह देत नाहीत, ही फ्रान्समधली घट्ट समजूत बळावली त्यात या यंत्रांचा मोठा हात आहे. फ्रेंच अकादमी मात्र तिथेही चिन्ह हवंच असं सांगते.

मोबाइलच्या जमान्यात ही अडचण लोखंडातून बिटांमध्ये गेली. युरोपातल्या तार-टपाल खात्यांनी 1982 मध्ये समान मोबाइल यंत्रणेसाठी एक गट नेमला. जीएसएम हे नाव त्याचंच. त्या यंत्रणेत छोट्या लेखी संदेशाची सोय ठरली ती कॉल जोडण्याच्या निरोपांसाठी असलेल्या वाटेवरून. तिथे एका संदेशाला जागा मिळाली 140 बाइट, म्हणजे 1120 बिट. एका अक्षराला 8 बिट दिले तर 140 अक्षरं बसतात, 7 दिले तर 160. सात निवडले गेले. पण सात बिटांत आकडे फक्त 128 होतात, म्हणजे अख्ख्या पश्चिम युरोपासाठी 128 खुर्च्या.

इंग्रजी लिपीची मोठी-छोटी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं बसवल्यावर उरलेल्या खुर्च्या कशा वाटल्या, हे पाहण्यासारखं आहे. नॉर्डिक देशांना Å, Æ, Ø मिळाले, छोटे-मोठे दोन्ही. इटालियनची छोटी चिन्हांकित अक्षरं, à è é ì ò ù, सगळी बसली. ग्रीकला दहा मोठी अक्षरं मिळाली. उरलेली मोठी ग्रीक अक्षरं रोमन A, B, E सारखीच दिसतात, म्हणून ती उसनी चालवायची. जर्मनला ä, ö, ü, ß आणि मोठे Ä, Ö, Ü असं पूर्ण ताट वाढलं.

स्पॅनिशला ñ आणि Ñ मिळाले, उलटे ¿ आणि ¡ मिळाले, ü जर्मनच्या पुण्याईने आणि é इटालियनच्या पुण्याईने. á, í, ó, ú मात्र बाहेर राहिले. फ्रेंचला à, é, è, ù आणि मोठा É. पण ê, ô, î, œ नाहीत. ç ची तऱ्हा तर और: सारणीत आहे तो मोठा Ç. फ्रेंचमध्ये रोज लागतो तो छोटा. Ç ने सुरू होणारं नेहमीच्या वापरातलं वाक्य म्हणजे Ça va?, बाकी garçon, français, reçu हे सगळे छोट्या ç चे गिऱ्हाईक.

मला यातली गंमत अशी वाटते की ज्या भाषेला या अक्षरांची सर्वांत कमी निकड होती, तिलाच ती सगळी मिळाली. जर्मनमध्ये उमलाउट, म्हणजे अक्षरावरचे दोन ठिपके, नसतील तर पुढे e लावून काम भागतं आणि ß ऐवजी ss चालतो. स्वित्झर्लंडमध्ये तर ß वापरतच नाहीत. ही पळवाट आपल्या ओळखीची आहे. पुण्यात जिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक जर्मन शिकले, त्या मॅक्स म्युलर भवनाच्या रोमन नावात Müller नाही, Mueller आहे. स्पॅनिशच्या á ला किंवा फ्रेंचच्या ê ला असा कोणताही मान्य पर्याय नाही. तिथे चिन्ह गेलं की गेलंच.

सारणीबाहेरचं एकच अक्षर आलं तरी काय होतं? फोन फक्त त्या अक्षरापुरती वेगळी सोय करत नाही. पूर्ण संदेश दुसऱ्या पद्धतीने बांधला जातो, जिथे प्रत्येक अक्षराला 16 बिट. 1120 भागिले 16 म्हणजे 70. संदेश त्याहून लांबला तर त्याचे तुकडे होतात, आणि तुकडे पुन्हा जोडण्याच्या खुणेसाठी जागा जात असल्यामुळे प्रत्येकात 67 च अक्षरं मावतात. सात बिटांच्या पद्धतीत 153.

एक उदाहरण मोजूनच बघू:

Llego mañana a las ocho y media. ¿Te espero en la estación o vas a casa de mamá?

उद्या साडेआठला पोहोचतोय, स्टेशनवर तुझी वाट बघू की तू आईकडे जातेयस, एवढाच मजकूर. जागा आणि विरामचिन्हं धरून 80 अक्षरं. यात ñ आणि ¿ आहेत, पण ती सारणीत असल्यामुळे त्यांचा भार नाही. गडबड करतात ती दोनच अक्षरं, estación मधला ó आणि mamá मधला á. त्यांच्यामुळे मर्यादा 70 वर येते आणि 80 अक्षरांचे दोन एसएमएस होतात. estacion आणि mama लिहिलं तर एकच. ज्या काळात प्रत्येक एसएमएसचे पैसे पडत, त्या काळात माणूस काय करणार हे सांगायला नको. estacion चिन्हाशिवाय कळतं. Mama म्हणजे मात्र स्तन. संदर्भाने वाचणारा समजून घेतो, इतकंच.

हे घडतंय हे ओळखायची खूण होती ती अक्षरं मोजणारा कोपऱ्यातला आकडा. तीस अक्षरं लिहून झाली की 130 शिल्लक दिसायची. पुढचं अक्षर ê लिहिलं की आकडा एकदम 39 वर. कारण कुणी सांगत नसे. नोकियाच्या काही फोनमध्ये अक्षरांसाठी ‘पूर्ण’ आणि ‘मर्यादित’ असे दोन पर्याय होते. ‘मर्यादित’ ठेवलं की बाहेरच्या अक्षरांवरची चिन्हं पाठवताना उतरवली जायची, á चा a व्हायचा. लिहिणाऱ्याने शुद्ध लिहावं आणि वाचणाऱ्याला अशुद्ध मिळावं, अशी ती सोय.

हाताला होणारा त्रास वेगळाच. बारा कळांच्या फोनवर ñ साठी 6 ची कळ पुन्हा पुन्हा दाबायची: m, n, o, मग 6 हा अंक, आणि त्याच्यापुढे कुठेतरी ñ, नेमका क्रम फोनागणिक वेगळा. नंतर शब्द ओळखणारी टी-नाइन पद्धत आली आणि हा जाच संपला, कारण तिच्या लेखी é सुद्धा 3 च्याच कळेवर बसतो. 3-8-3 दाबलं की été, 3-8-7-3 दाबलं की être. बोटांना दोन्ही सारखेच झाले. सारणी मात्र जिथल्या तिथे होती, त्यामुळे दुसऱ्या शब्दाने आकडा घसरायचा तो घसरायचाच.

स्पेनमध्ये याच सुमाराला ñ साठी वेगळी लढाई झाली. देशात विकल्या जाणाऱ्या संगणकाच्या कीबोर्डवर ñ हवाच, या स्पेनच्या नियमाला 1991 मध्ये युरोपीय समुदायाने हरकत घेतली. मुक्त व्यापाराला तो अडथळा ठरतो म्हणून. स्पेनने 1993 मध्ये मास्ट्रिख्ट करारातल्या संस्कृतिरक्षणाच्या तरतुदीचा आधार घेऊन शाही फर्मानाने ñ ची कळ कायम ठेवली. á साठी कुणी भांडलं नाही. ñ ला स्पॅनिश स्वतंत्र अक्षर मानते, कोशात त्याचा वेगळा विभाग असतो. Á हा मात्र a च, डोक्यावर रेघ घेतलेला. सारणीत एक आत आणि एक बाहेर राहिला, त्यामागेही मला हीच नजर दिसते.

बोट दाबून धरण्याची युक्ती टचस्क्रीनच्या आधीची आहे. ब्लॅकबेरीवर अक्षराची कळ धरून ठेवायची आणि मधला गोळा फिरवायचा, की é, è, ê एकेक करून समोर येत. काचेच्या कीबोर्डने तीच कल्पना उचलली. बोट न उचलता पट्टीत सरकायचं आणि हव्या अक्षरावर सोडायचं. s खाली ß, c खाली ç, o खाली œ आणि प्रश्नचिन्हाखाली ¿. पुढे ही सवय इतकी रुळली की 2011 मध्ये ॲपलने ती फोनवरून उलट मॅक संगणकावर नेली.

पण रोज लिहिणारे दाबून धरत बसत नाहीत. ते त्या भाषेचा कीबोर्ड जोडतात. स्पॅनिश जोडला की l च्या शेजारी ñ ची स्वतःची कळ येते, आणि खरा फायदा म्हणजे शब्दकोश त्या भाषेचा होतो: manana लिहा, mañana होतं; फ्रेंच जोडून deja लिहा, बहुधा déjà सुचतं. अडतं ते जिथे दोन्ही शब्द खरे आहेत तिथे. फ्रेंचमध्ये ou म्हणजे किंवा, où म्हणजे कुठे. स्पॅनिशमध्ये si म्हणजे जर, sí म्हणजे हो. जर्मनमध्ये schon म्हणजे आधीच, schön म्हणजे सुंदर. अशा जोड्यांमध्ये फोन अंदाज करतो आणि बरेचदा चुकतो. तिथे बोट दाबून धरण्यावाचून इलाज नाही. año चा n साधा राहिला तर वर्षांऐवजी गुदद्वारं मोजली जातात, आणि वय सांगताना ही चूक नवशिक्यांकडून हमखास होते.

व्हॉट्सॲपसारख्या इंटरनेटवरच्या संदेशांना ती सारणी लागू नाही. एसएमएसला अजून आहे. 2008 च्या सुमारास एसएमएसच्या प्रमाण नियमांत स्पॅनिशसाठी एक जोडसारणी आली. तिच्यात á, í, ó, ú आहेत. प्रत्येकाला दोन जागा लागतात आणि मर्यादा 160 ऐवजी 155 होते. सौदा वाईट नाही, पण पाठवणारा आणि घेणारा अशा दोन्ही फोनना ती कळायला हवी, आणि तिचा फारसा प्रसार झाला नाही.

आता नवीच खोड दिसते. फ्रेंचमध्ये l'été, d'accord असा लोपचिन्हाचा पदोपदी वापर. काही फोन सरळ ' चं आपोआप वळणदार ’ करतात. सरळ चिन्ह सारणीत आहे, वळणदार नाही. मग été मधले दोन्ही é निर्धोक असूनही त्या चिन्हापायी अख्खा संदेश 70 वर येतो. आयफोनवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट’ विरामचिन्हांचा पर्याय बंद केला की हे थांबतं.

मराठीत लिहिणाऱ्याला आकडा घसरताना दिसलाच नाही. देवनागरीचं एकही अक्षर त्या 128 मध्ये नव्हतं, त्यामुळे आपली मोजणी पहिल्या अक्षरापासून 70 वरूनच सुरू व्हायची, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक जागा घ्यायची. पुढे त्याच प्रमाण नियमांत देवनागरीसाठीही सारणी आली. तिचं नाव हिंदी.