टेबल सर्व्हिसचं प्रात्यक्षिक: पात्रता, कागदपत्रं आणि गुण कुठे जातात

हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रात्यक्षिकाला बसायचं तर दोन गोष्टी आधी हव्यात: अभ्यासक्रमाने ठरवलेली हजेरी आणि शिक्षकांच्या सहीची पूर्ण जर्नल. सोबत हॉल तिकीट आणि ओळखपत्र. खिशात पेन, ओपनर, लायटर, हातावर वेटर क्लॉथ. गणवेश, नखं, बूट दारातच पाहिले जातात, त्यामुळे ते आदल्या रात्रीच उरका.

परीक्षक पाहुणे होऊन बसतात. शिष्टाचार, ऑर्डरची अचूकता, वेळ आणि पाहुण्यांशी वागणं या चारही गोष्टींना गुण असतात. वाटणी संस्थेनुसार बदलते, ती आधी विचारून घ्या. लेखी पेपरसारखी उत्तरपत्रिका इथे उरत नाही. तुमच्या हातचं उरतं ते केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. म्हणून ती नीट लिहा.

समजा, कोल्हापुरातल्या कॉलेजच्या ट्रेनिंग रेस्टॉरंटमध्ये टेबल ३ वर चौघं बसलीत. दाराजवळची खुर्ची १ धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नंबर द्यायचे. तिघांना मटण थाळी, खुर्ची २ वरच्या बाईंना शाकाहारी. खुर्ची ४ वाले म्हणतात, "मला काजू चालत नाही." इथेच बहुतेक मुलं घसरतात. "हो सर" म्हणून पुढे जातात किंवा "पांढऱ्यात काजू नसतो" असं ठोकून देतात. पांढऱ्या रश्श्यात नारळाच्या दुधाबरोबर तीळ, खसखस पडते, आणि बऱ्याच ठिकाणी काजूची पेस्टही. बरोबर उत्तर एकच: "किचनला विचारून सांगतो." किचनने काजू आहे म्हटलं, तर येऊन तसं सांगायचं आणि बदल विचारायचा. त्यांनी नुसता तांबडा मागितला, तर त्यातही काजू नाही ना, हे विचारूनच घ्यायचा.

मग केओटीवर: टेबल ३, माणसं ४, वेळ ११.१४, खुर्ची २ शाकाहारी, खुर्ची ४ काजू वर्ज्य, पांढरा नको. चिठ्ठी आत देण्याआधी पूर्ण ऑर्डर मोठ्याने वाचून दाखवायची. काजूचं आधी विचारून ठेवलं, तरी चिठ्ठीवर लिहायचंच, कारण ताट भरणारा वेगळाच असू शकतो.

खुर्चीचे नंबर लिहिले नाहीत की ताटं आणल्यावर "शाकाहारी कुणाचं?" असं विचारावं लागतं. परीक्षकांच्या कानाला ते लगेच खटकतं. घरच्या पंगतीत चालेल, इथे नाही. वाढण्याची बाजू (सिल्व्हर सर्व्हिस डावीकडून, पाणी उजवीकडून) मुलं पाठ करून येतात, त्यात फारसं कुणी चुकत नाही.

किचनला उशीर झाला तर पाहुण्याने हाक मारायच्या आत जाऊन सांगा: "भाकरी तव्यावर आहे, पाच मिनिटं लागतील." पण हा आकडा किचनला विचारूनच द्या; पाच सांगून पंधरा लागली तर वेळेचेही गुण जातात आणि वागण्याचेही. चूक झालीच तर माफी मागून ताट उचला. दोष किचनवर ढकललेला मात्र कुठलाही परीक्षक ऐकून घेत नाही.