जिना चढताना गुडघा दुखतो आणि वॉक सुरू करायचाय? आधी हे वाचा

आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये हा प्रश्न इतक्या वेळा येतो की शेवटी छापूनच टाकलं. "मॅडम, डॉक्टरांनी वजन कमी करा, चाला म्हटलं, म्हणून चालून राहिलो, तर गुडघाच धरला. आता चालू का नको?" उत्तर आहे, चाला. पण बहुतेक लोक जसं सुरू करतात तसं नका चालू.

आधी दुखणं कुठलं ते बघू. सपाटीवर फारसं काही नाही, पण जिना चढताना आणि खासकरून उतरताना वाटीच्या मागे किंवा आजूबाजूला दुखतं, खूप वेळ मांडी घालून किंवा पिक्चर बघत बसलं की उठताना कळ येते, असं असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. सपाट रस्त्यावर चालताना वाटीच्या सांध्यावर साधारण तुमच्या वजनाएवढाच भार येतो, जिन्यावर तो जवळपास तिप्पट होतो. म्हणजे ९० किलोच्या माणसाच्या वाटीवर प्रत्येक पायरीला अडीचशे किलोच्या वर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाता ब्रेक लावत असतो, म्हणून तो कमजोर असला की उतरणंच जास्त बोचतं. नुसता कटकट आवाज येतो पण दुखत नाही, त्याची काळजी करू नका. एक्स-रेत "गॅप कमी झाली" लिहिलं म्हणूनही घाबरू नका, कारण एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही.

आता ती चूक, ज्यात तुमचे महिने जातात. पहिल्याच दिवशी उत्साहात फुटाळ्यावर तासभर चालणं, मोबाईलवर दहा हजार पावलं पुरी करणं, वरून "व्यायाम होईल" म्हणून ऑफिसात लिफ्ट सोडून जिना धरणं. चालताना गुडघा काही बोलत नाही, अंग गरम असतं. बोलतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मग घाबरून दोन आठवडे पूर्ण आराम, त्यात स्नायू आणखी ढिले, मग परत उत्साह आणि परत तासभर. वर्षभर हेच चालू राहतं, ना वजन उतरत ना गुडघा सुधारत, आणि शेवटी माणूस म्हणतो चालणं मला सूट होत नाही.

म्हणून आम्ही एकच गोष्ट पाठ करून घेतो. कालचं चालणं बरोबर होतं का, हे आज सकाळच्या जिन्याला विचारा. उठल्यावर थोडं फिरून झालं की घरच्या त्याच पायऱ्या उतरा आणि दुखण्याला ० ते १० पैकी मार्क द्या. रोजच्याइतकेच किंवा एखाद मार्क जास्त असेल तर चालणं जमलं. दोन किंवा त्याहून जास्त मार्क वाढले, किंवा गुडघा सुजलेला दिसला, तर काल जास्त झालं. चालता चालताच दुखणं ५ च्या वर गेलं तर तिथेच थांबा आणि ऑटो करून घरी या, त्यात लाज कसली.

एक उदाहरण धरू. ४७ वर्षांच्या ताई, वजन ९२ किलो, मनीष नगरला दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, सकाळचा जिना ३ मार्क. पहिले तपासलं की सपाटीवर किती चालल्यावर गुडघा कुरकुरतो, तर पंधराएक मिनिटं. मग सुरुवात त्याच्या आतच, १० मिनिटं सकाळी आणि १० संध्याकाळी, आठवड्यात पाच दिवस. एका दमात वीसपेक्षा हे दोन तुकडे गुडघ्याला सोपे जातात. वेग एवढाच की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पुढच्या आठवड्यात १२-१२, मग १४-१४. चौथ्या आठवड्यात त्या मैत्रिणीसोबत सेमिनरी हिल्सला गेल्या, तिथे चढ-उतार, आणि सकाळी जिना ६ वर. अशा वेळी लोक शून्यावर जातात, तसं करायचं नाही. दोन दिवस अर्धंच चालायचं, मार्क ३ वर आले की शेवटचा जो आकडा पचला होता त्यावर परत यायचं, इथे १४-१४. दहाव्या आठवड्याला त्या एका दमात २५ मिनिटं चालत होत्या आणि जिना २ वर होता. वजन तोवर साडेतीन किलो कमी झालं, ते मुख्यतः खाण्यातल्या बदलामुळे, हे स्पष्ट सांगतो. पण गुडघ्याला त्याचाही फायदा होतोच, एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो.

नुसत्या चालण्याने मात्र जिना सुटत नाही, त्याला मांडी आणि कुल्ह्याची ताकद लागते. एक दिवसाआड उंच खुर्चीवरून हात न टेकता उठबस, ८ वेळा, थोडं थांबून परत ८. जमत नसेल तर खाली उशी ठेवून उंची वाढवा. दोनेक आठवड्यांनी ४ इंच उंचीच्या पक्क्या ठोकळ्यावर चढउतार, भिंतीला हात ठेवून (पाट नका घेऊ, घसरतो). घरची पायरी ६-७ इंचाची असते, तिथे सगळ्यात शेवटी यायचं. तोवर जिन्यावर कठडा धरा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि भाजीची पिशवी दुसऱ्या कोणाला द्या.

जागा सपाट निवडा. मऊ सोलचे साधे स्पोर्ट्स शूज पुरेत, चपलेवर नको. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा-साडेसहाच्या आत चालून घरी या, नागपूरचं ऊन काही सवलत देत नाही. शुगर, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

काहीजण नाराज होतात, "एवढी फी घेऊन दहा मिनिटं चाला म्हणता, मशीन नाही लावत?" मशीनचा शेक आम्ही लावतो, दुखणं जास्त असेल तेव्हा, पण बरं वाटतं ते थोडा वेळच, मांडीत ताकद त्याने येत नाही, म्हणून दहा दिवसांचं मशीन पॅकेज आम्ही विकत नाही. फी कशाची, तर तुमचा सुरुवातीचा आकडा काढायची, उठबस तुमच्यासमोर दुरुस्त करायची आणि दर पंधरा दिवसांनी पुढचा आकडा ठरवायची. गुडघा आत वळतोय हे स्वतःला आरशात क्वचितच दिसतं.

पण गुडघा अचानक सुजला, अडकून बसला, पाय दगा देतो, गरम-लाल होऊन ताप आला, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखते, तर आमच्याकडे नाही, आधी डॉक्टरकडे. चालताना छातीत दुखलं किंवा दम कोंडला तर थेट दवाखान्यात.

येताना चालायचे शूज घालून या, सैल पायजमा किंवा शॉर्ट आणा, आणि आधीचे सात दिवस सकाळच्या जिन्याचे मार्क कॅलेंडरवर लिहून त्याचा फोटो घेऊन या. एवढं केलंत तर पहिल्याच भेटीत आकडा ठरतो, नाहीतर तो आठवडा आपण नंतर मोजत बसतो.