कबड्डीत लोण चढला आणि एका चढाईत पाच गुण?

“लोणाचे गुण दोनच असतात. धावफलक एका चढाईत पाचने वाढला, तर समजा कुणीतरी गुण घुसवले.”

लोणाचे दोन गुण वरचे असतात, बाद केलेल्या गड्यांचे वेगळे. समजा फलक १८-१४ आहे आणि समोर तीनच बचावपटू उरलेत. चढाईपटूने दोघांना हात लावला. तिसऱ्याने घोटा धरला, तरी चढाईपटूने बोटं मध्यरेषेपलीकडे टेकवली. तिघे बाद, तीन गुण. संघ रिकामा, लोणाचे दोन. १८ चे २३. बोनस इथे नाहीच, कारण त्यासाठी समोर किमान सहा जण लागतात.

खरा गोंधळ उलट प्रसंगात होतो. संघाचा शेवटचा गडी सात जणांवर चढाईला जातो, मागचा पाय हवेत ठेवून बोनस रेषा ओलांडतो आणि मग पकडला जातो. त्याचा बोनस रद्द होत नाही: त्याच्या संघाला एक, समोरच्यांना पकडीचा एक आणि लोणाचे दोन. दोन्ही आकडे हलले की प्रेक्षक ओरडतातच!

शंका आली तर चढाई सुरू होण्याआधी मैदानात किती गडी होते, ते चित्रफीत थांबवून मोजा.