टीव्हीचे रंगतापमान आणि व्हाइट बॅलन्स

टीव्हीच्या पडद्यावरचा पांढरा रंग निळसर न दिसता नैसर्गिक दिसावा म्हणून रंगतापमान 'वॉर्म' बाजूला नेतात आणि राहिलेला फरक व्हाइट बॅलन्सने काढतात. पहिले काम कोणालाही दोन मिनिटांत जमते. दुसऱ्याला मोजणीचे उपकरण लागते.

धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची रीत आपल्याकडे घरोघर होती. पिवळट पडलेल्या सुतावर निळी छटा चढली की कापड जास्त शुभ्र वाटते. टीव्हीही कारखान्यातून बहुधा अशीच नीळ देऊन येतो. दुकानाच्या झगमगाटात शेजारी लावलेल्या दहा संचांपैकी निळसर संच अधिक उजळ वाटतो, आणि गिऱ्हाईक तिकडे वळते. त्यामुळे Vivid किंवा Dynamic मोडमध्ये पांढऱ्याचे तापमान 10,000 केल्विनच्या आसपास, कधी त्याहूनही वर असते.

केल्विनचा आकडा चढतो तसा रंग निळ्याकडे जातो, उतरतो तसा पिवळ्या-तांबड्याकडे. म्हणजे ज्याला आपण 'उबदार' म्हणतो त्याचा आकडा कमी. हे उलटे वाटते, पण भट्टीतले लोखंड आधी लाल होते आणि तापत गेले की पांढरे, हे आठवले की कोडे सुटते. चित्रपट आणि मालिकांचे रंग ज्या मॉनिटरवर ठरवले जातात, त्यावर पांढरा म्हणजे डी-६५, सुमारे 6500 केल्विन. एचडी प्रसारणाच्या बीटी.७०९ या मानकातही हाच पांढरा आहे. घरचा टीव्ही त्याच्या जवळ नेणे एवढेच या सगळ्याचे उद्दिष्ट.

त्यासाठी आधी Picture Mode मध्ये Movie, Cinema किंवा Filmmaker Mode निवडावा आणि मग Color Temperature उघडावे. काही संचांवर तिथे Warm1 आणि Warm2 असे पर्याय असतात, काहींवर Expert 1, तर काहींवर थंड-उबदार अशी सरकपट्टी. बहुतेक संचांत सर्वांत उबदार पर्यायच 6500 च्या सर्वांत जवळ असतो. तो लावल्यावर पहिल्या संध्याकाळी घरातले हमखास म्हणतात, "चित्र पिवळं पडलंय." डोळ्याला निळ्याची सवय झालेली असते, म्हणून लगेच मागे फिरू नये. चार-पाच दिवस तसेच पाहावे आणि मग क्षणभर Cool लावून बघावे. कसोटी सामन्यात खेळाडूंचे पांढरे कपडे तेव्हा ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारखे निळे दिसतात, चेहऱ्यावरचा तजेला जातो आणि फरक आपोआप कळतो.

व्हाइट बॅलन्सचे काम याच्या पुढचे. दोन बिंदूंच्या पद्धतीत लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाला Gain आणि Offset अशी दोन नियंत्रणे असतात. Gain मुख्यतः उजळ भागावर चालते, Offset गडद भागावर. समजा, पडद्यावर 80 टक्के उजळ राखाडी चौकोन लावला आणि मापकाने हिरव्याला 100 धरून लाल 97, निळा 108 असे दाखवले. इथे B-Gain पायरीपायरीने खाली आणायचे आणि R-Gain अगदी थोडे वर न्यायचे. लाल भरमसाट वाढवला तर सर्वांत उजळ भागात तो मर्यादेला टेकतो आणि ढगांचा रंग बिघडतो, म्हणून वाढवण्यापेक्षा घटवणे बरे. मग 30 टक्क्यांचा गडद चौकोन लावून Offset जुळवायचे. त्याने उजळ भाग पुन्हा थोडा हलतो, तेव्हा दोन-तीन फेऱ्या होतातच.

नुसता केल्विनचा आकडा जुळला म्हणून काम झाले असे नाही. पांढरा 6500 दाखवत असूनही हिरवट किंवा जांभळट असू शकतो, कारण तो आकडा फक्त निळा-पिवळा कल सांगतो. मापक नसेल तर जुना कृष्णधवल चित्रपट लावावा. त्यात रंगच नसतो, त्यामुळे करड्या भिंतीवर हिरवी किंवा गुलाबी छटा दिसली तर ती टीव्हीची. मात्र नजरेने Gain फिरवत बसणे फसवे आहे, डोळा पाहता पाहता जुळवून घेतो. दुसऱ्याच्या संचाचे आकडे उतरवून घेणे तर त्याहून वाईट, कारण एकाच मॉडेलच्या दोन पॅनेलमध्येही फरक असतो.

खोलीतला दिवाही घोटाळा करतो. 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली कोरा कागद धरून पडद्याशी ताडला, तर नीट जुळवलेला टीव्हीही निळाच वाटेल. प्रकाशानुसार रंग बदलणारी स्वयंचलित सोय आणि डोळ्यांच्या आरामासाठीचा मोड जुळवणी करताना बंद ठेवावा लागतो.

अनेक संचांत ही सेटिंग प्रत्येक मोडला वेगळी जपली जातात, कधी प्रत्येक एचडीएमआय जोडणीलाही वेगळी. केबलवरचा सामना नीट दिसतो आणि रात्री एचडीआर चित्रपट लावला की पांढरा पुन्हा निळा होतो, ते यामुळेच. एचडीआर चित्र चालू असतानाच मेनू उघडून तिथेही Warm2 निवडावे लागते.