गोडाऊनचं लीज वाढवून मागताय? दर वर्षीचं भाडं रुपयात लिहून घ्या

आमच्या ऑफिसात दस्त करायला येणाऱ्या कृषी केंद्रवाल्या, आडतवाल्या आणि जिनिंगला माल देणाऱ्या भावांसाठी हे माहितीपत्रक काढलं आहे. हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात गोडाऊनचे व्यवहार बहुतेक तोंडी चालतात, मालक ओळखीचा असतो, काकाजी-भाऊजी म्हणत पाच वर्षं निघून जातात आणि लीज संपायला पंधरा दिवस राहिले की मग माणूस धावत येतो की साहेब मालक दीडपट भाडं मागून राह्यले, आता काय करू. तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून मुदतवाढ कशी मागायची, कधी मागायची आणि वाढ कशी लिहायची हे एका खऱ्या केसवरून सांगतो, नावं सोडून.

एक कृषी केंद्रवाले भाऊ, रोडला लागून 3,000 चौरस फुटाचं टिनाचं गोडाऊन. पाच वर्षाचं रजिस्टर लीज, संपणार 31 मे 2026 ला, भाडं महिन्याचं 20,000, आणि पाचही वर्षं तेवढंच, एक रुपयाची वाढ नाही. भाडेकरूला हे बरं वाटत होतं पण मालकाच्या मनात ते साचत गेलं. मधे वादळात टिनं उडाली, ती त्यांनी खिशातून बसवली, आणि भाडं तिथंच. त्यामुळं पहिल्यांदा विषय काढला तेव्हा काकाजी एकच बोलले, "तीस हजार देत असशील तर बोल, नाही तर गोडाऊन खाली कर." हा राग पाच वर्षाचा होता, बाजारभावाचा नव्हता. वाढ अजिबात नसलेलं लीज भाडेकरूला स्वस्त वाटतं पण शेवटी ते असं एकदम अंगावर येतं.

आधी तारखेचं बोलू कारण खरी अडचण तिथं होती. 31 मे म्हणजे खरिपाच्या तोंडावर. युरिया, डीएपी उतरत असतं, गोडाऊन आढ्यापर्यंत भरलेलं, आणि नेमकं त्याच दिवशी तुमचा कागद संपतो. शिवाय खताच्या परवान्यावर साठवणुकीची जागा म्हणून हेच गोडाऊन नोंदलेलं असतं, जीएसटीत जादा जागा म्हणून हेच आणि बँकेच्या सीसीच्या कागदात पण हेच, म्हणजे गोडाऊन बदलायचं तर तीन ठिकाणी कागद बदलावे लागतात आणि ते जूनच्या पावसात कोण करणार. काकाजींना हे सगळं माहीत असतं. म्हणून मुदतवाढ मागायचं पत्र सहा महिने आधी, म्हणजे डिसेंबरातच द्यायला लावलं. त्यांच्या जुन्या लीजमधे तीन महिने आधी लेखी कळवायची अट होती. तुमच्या लीजमधे अशी काही अट आहे का ते आजच काढून पाहा, कारण मुदतवाढीचा हक्क लिहिलेला असला तरी तो ठरल्या मुदतीत आणि ठरल्या पद्धतीनं मागितला नाही तर हातचा जातो.

"लीज संपलं तरी काकाजी भाडं घेतात ना, मग चालूच आहे" असं पुष्कळ जण म्हणतात. चालू असतं, पण पाच वर्षाचं राहत नाही. मुदत संपल्यावर मालकानं भाडं घेतलं आणि दुसरं काही ठरलेलं नसलं तर गोडाऊनसारख्या जागेचा व्यवहार महिन्या-महिन्याचा होतो, आणि तो पंधरा दिवसाच्या नोटिशीवर संपवता येतो (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 106 आणि 116). पंधरा दिवसात 60 टन युरिया म्हणजे 45 किलोच्या तेराशेवर बॅगा कुठं हलवणार? पावसात ट्रॉलीवर भिजलेल्या बॅगेतल्या युरियाचे दगड होतात, ते शेतकरी घेत नाही.

आता भाडं. 30,000 च्या मागणीला आम्ही नाही म्हणायला लावलं नाही, हिशोब ठेवायला लावला. पाच वर्षं दर वर्षी 4 टक्के वाढ दिली असती तर 20,000 चे आज 24,333 झाले असते. तेव्हा 24,000 पासून सुरू करू, मागचं राहिलेलं त्यात आलं, आणि पुढं दर वर्षी आधीच्या वर्षाच्या भाड्यावर 5 टक्के. काकाजींना टक्का ऐकून काही वाटलं नाही. मग आम्ही कागदावर आकडे मांडले आणि त्यांच्या समोर सरकवला. चष्मा लावून त्यांनी बोट ठेवत एकेक ओळ वाचली, शेवटच्या ओळीवर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे हे एकोणतीस हजारावर आपोआप जातं? मला दर साली मागायला यायचं काम नाही?" त्यानंतर सूर बदलला. मालकाला पण दर साली वाढ मागायला जीवावर येतं हे लक्षात ठेवा.

ते आकडे असे:

1 जून 2026 ते 31 मे 2027 – महिना 24,000
1 जून 2027 ते 31 मे 2028 – महिना 25,200
1 जून 2028 ते 31 मे 2029 – महिना 26,460
1 जून 2029 ते 31 मे 2030 – महिना 27,783
1 जून 2030 ते 31 मार्च 2031 – महिना 29,172

शेवटचं वर्ष दहाच महिन्याचं आहे, ते मुद्दाम. रब्बी आटोपली की फेब्रुवारी-मार्चात खताचं गोडाऊन जवळपास खाली असतं, स्टॉक पण मार्चअखेर मोजायचाच असतो, मग पुढच्या वेळची बोलणी भरल्या गोडाऊनात कशाला. तुम्ही सोयाबीन-तुरीवाले असाल तर तुमचा खाली महिना वेगळा येईल, तुमच्या मालाप्रमाणं शेवटची तारीख मागा, मालकाला त्यात काही जात नाही म्हणून तो सहसा देतो.

58 महिन्याचं एकूण भाडं 15,33,036 होतं. सरसकट 30,000 नं 17,40,000 झालं असतं. दर वर्षी 10 टक्के मान्य केले असते तर सुरुवात 24,000 चीच पण पाचव्या वर्षी महिना 35,138 झाला असता. दहा टक्के ऐकायला पाचाच्या दुप्पट वाटतं पण ते चढत्या आकड्यावर चढतं, म्हणून टक्क्याला हो म्हणायच्या आधी शेवटच्या वर्षाचा आकडा काढून पाहा आणि तेवढं भाडं खराब हंगामात पण निघेल का ते स्वतःला विचारा.

लिहिताना जी चूक आम्ही जास्त पाहतो ती अशी, "मुदतवाढीचे भाडे त्यावेळच्या बाजारभावाप्रमाणे व उभयतांच्या संमतीने ठरेल." वाचायला छान आहे पण यात ठरलेलं काहीच नाही, संमती झाली नाही तर काय हे लिहिलेलंच नाही. दुसरी चूक, "दरवर्षी 5 टक्के वाढ" इतकंच लिहितात. कशावर 5 टक्के? मूळ 24,000 वर धरली तर दर वर्षी 1,200 आणि शेवटी 28,800, मागच्या वर्षाच्या भाड्यावर धरली तर 29,172. फरक महिन्याचा 372 रुपयाचा आहे पण त्यावरून बोलणं बंद झालेली माणसं आमच्यासमोर बसलेली आहेत. आम्ही हे असं लिहितो, तुम्ही उतरून घ्या:

"भाडे वरील तक्त्याप्रमाणे राहील. प्रत्येक वाढ आधीच्या वर्षाच्या भाड्यावर 5 टक्के धरून, पूर्ण रुपयात काढली आहे. टक्केवारी व तक्ता यात फरक आढळल्यास तक्त्यातील रक्कम अंतिम राहील. या मुदतीत याशिवाय दुसरी वाढ होणार नाही. भाडे जीएसटी सोडून आहे."

शेवटच्या वाक्याचं कारण सांगतो. मालकाकडे जीएसटी नंबर नसला आणि तुम्ही नियमित नोंदणीवाले असाल तर 10 ऑक्टोबर 2024 पासून दुकान-गोडाऊनच्या भाड्यावरचा 18 टक्के जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो, कंपोझिशनवाल्यांना नंतर यातून वगळलं आहे. भाडं चढलं की हा पण चढतो, तेव्हा आपल्या सीएला आधी विचारून घ्या. डिपॉझिट भाड्यासोबत वाढणार की आहे तेवढंच राहणार, आणि टिन-पन्हाळाची दुरुस्ती कोणाकडं, हे पण त्याच कागदात येऊ द्या. या केसमधे काकाजींनी छपराची दुरुस्ती स्वतःकडं घेतली, कारण आता वाढ मिळणार होती.

पत्र लांबलचक नको. जुन्या दस्ताचा नंबर-तारीख, गोडाऊनचा गट नंबर, किती मुदत पाहिजे, वरचा तक्ता, आणि "कृपया 31 जानेवारीपर्यंत कळवावे" एवढं पुरे. धमकी नको, "इतर ठिकाणी स्वस्त मिळते" हे पण नको. स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर पोचल्याची सही घ्या, सही द्यायला मालक कां-कूं करत असेल तर स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपून ठेवा.

सही करणारा कोण हे त्याच आठवड्यात पाहून घ्या. सात-बारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढा. आमच्या केसमधे व्यवहार काकाजीच पाहत होते पण उताऱ्यावर त्यांचे भाऊ आणि नागपूरला दिलेली बहीण अशी तीन नावं निघाली. डिसेंबरात कळलं म्हणून बहिणीची तारीख जुळवता आली, मे महिन्यात कळलं असतं तर कागद अडकला असता.

आणि बोलणं झालं की पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून थांबू नका. एक वर्षाच्या वरची मुदत असली की दस्त दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करावाच लागतो, मुदतवाढीचा पण, आणि सही झाल्यापासून चार महिन्यात तो नोंदणीला गेला पाहिजे. नुसत्या नोटरीच्या कागदावर पाच वर्षाचा हक्क आणि तो तक्ता कोर्टात टिकवणं फार अवघड जातं. स्टॅम्प ड्युटीची एक गोष्ट मात्र आधीच विचारात घ्या. लीज पाच वर्षाच्या आत असलं तर ड्युटी मिळकतीच्या बाजारमूल्याच्या 10 टक्क्यावर खरेदीखताच्या दरानं लागते, पाचच्या वर दहापर्यंत गेलं तर 25 टक्क्यावर. "पाच वर्षं आणि पुढं पाच वर्षाची वाढ" असं एकाच दस्तात लिहिलं तर ती पुढची वर्षं पण यातच मोजली जातात. मार्चअखेर गाठताना पाच वर्षाच्या वर जाऊ नये म्हणून 58 महिने.

येताना जुना दस्त, उतारा आणि गेल्या वर्षभराच्या भाड्याच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी घेऊन या. तक्ता आम्ही तुमच्यासमोर काढून देतो, मालकाला सोबत आणलं तर जास्त बरं.